तंबाखू मळेपर्यंत

"ठेचा नको," आबा म्हणाले, आणि सोमेश्वरच्या हातातला घास हातातच राहिला.

आता ठेचा नको म्हणणं ही काही जगबुडी नव्हे. माणसं साठीला आली की पथ्यं सुरू होतातच. पण आबांची गोष्ट वेगळी. हा माणूस भाकरीवर तीन हिरव्या मिरच्या कच्च्या ठेवून खायचा आणि वर विचारायचा, ह्या मिरच्या हायेत का भेंड्या? रविवारी ते गावाहून अंबाजोगाईला लेकाकडं जेवायला आले, म्हणून सून वर्षाराणीनं मुद्दाम खलबत्त्यात ठेचा कुटला होता, लसूण घालून, तव्यावर परतून. आबांनी बोटाच्या टोकावर एवढासा घेतला, जिभेला लावला आणि डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "वर्षा, वाईच दही असलं तर दे गं पोरी. भाकर कुस्करून खातो." वर्षानं दही वाढलं. सोमेश्वरला मात्र पुढचं जेवण गेलं नाही. ताट पुसून खाणारा हा गडी, पण त्या दिवशी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

जेवण झाल्यावर आबा पायरीवर बसले आणि त्यांनी चंची काढली. निळ्या कापडाची, चार कप्प्यांची, कडेला आईनं दोनदा दोरा घातलेली. एका कप्प्यातून तंबाखू डाव्या तळव्यावर, दुसऱ्यातून चुन्याची डबी, नखावर चुना, मग अंगठा फिरायला लागला. ह्या अंगठ्याची घसघस सोमेश्वरनं जन्मल्यापासून ऐकलेली. मळून झाली की उजव्या हातानं दोन थापा, धूळ उडवायची, उरलेली चिमूट ओठ खाली ओढून आत. चाळीस वर्षं ती चिमूट डावीकडं जायची. रविवारी ती उजवीकडं गेली. ओठ खाली ओढला गेला त्या क्षणभरात सोमेश्वरला डावीकडचं आतलं दिसलं. तिथं लाल नव्हतं. पांढुरकं होतं, सुरकुतलेलं. ओल्या चिंधीत दिवसभर बांधून ठेवलेल्या बोटाची कातडी होते ना, तसं. त्यानं पटकन रस्त्याकडं बघितलं. बापाचं नको ते बघितल्याची लाज त्याला का वाटली, कुणास ठाऊक, पण वाटली खरी.

आज मंगळवार. सोमेश्वर बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात माईकसमोर बसलाय. दुपारची वेळ, गाड्या कमी, पंखा गरम हवा ढवळतोय. समोर जुन्या वेळापत्रकाचा कोरा मागचा भाग आणि पेन. त्याला पत्र लिहायचंय. फोन खिशात असताना पत्र कशाला, असं कुणीही विचारेल. पण आबांशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तोंडात तंबाखू असते. हनुवटी वर करून, ओठ आवळून ते नुसतं "हूं" म्हणतात. जेवलात का, हूं. पाऊस झाला का, हूं. तंबाखू कमी करा आबा, हूं. आणि फोन आईकडं. गेल्या कैक वर्षांत आपण फोनवर बापाचं एक सबंध वाक्य ऐकलेलं नाही, हे सोमेश्वरच्या आत्ता, ह्या खुर्चीत, पहिल्यांदा लक्षात आलं. दिवसभर अख्ख्या स्टँडला आवाज देणारा माणूस तो! त्याला फार वाईट वाटलं.

पहिलं पत्र त्यानं लिहून फाडलं. 'तीर्थरूप आबांस साष्टांग दंडवत' इथपर्यंत बरं होतं. पुढं 'तंबाखू सेवन आरोग्यास घातक आहे' आलं, आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. हे तर पुडीवर छापलेलंच असतं, चित्रासकट. ते चित्र एकदा आबांना दाखवलं होतं, तर त्यांनी लांब धरून नीट बघितलं आणि म्हणाले, "ह्यो मानूस आपल्या गावचा न्हाई." विषय संपला. दुसरं पत्र रागाचं झालं. तेही फाडलं. राग एकदा करून बघितलेला होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीत, त्यानं आबांची भरली चंची चुलीत घातली होती. मोठा पराक्रम! तंबाखू पेटली, सगळं घर ठसकलं. आबा उठून दुकानाकडं गेले. गावातलं दुकानही नेमकं दोन दिवस बंद. दोन दिवस आबांचं डोकं ठणकत होतं, पोट साफ होईना, हात थरथरत होते, ताट सारून दिलं, आईवर उगाच खेकसले. सोमेश्वरला तेव्हा वाटलं, बघा, केवढा तापट माणूस. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि बाप पुन्हा बाप झाला. आईनं नवी चंची शिवली. तो तापटपणा नव्हता, ती तलफ होती, अंगातलं निकोटीन उतरत होतं, हे त्याला काल दवाखान्यात कळलं. इतक्या वर्षांनी.

काल तो शाईस्ता मॅडमकडं गेला होता. मॅडम दातांच्या डॉक्टर, स्टँडामागच्या गल्लीत दवाखाना. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली चिमूट कधी?" तो म्हणाला, "डोळे उघडले की. परसाकडं जायच्या आधी. त्याशिवाय होतच नाही म्हणतात." मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, "म्हणजे सवय खोल आहे. रागावून सुटायची नाही. आणि तिखट झोंबतंय, कातडी पांढरी झालीय, तर आठ दिवसांत घेऊन या. सगळे पांढरे डाग वाईट नसतात. पुष्कळदा तंबाखू थांबली की दोन आठवड्यांत कातडी सुधारते. नाही सुधारली तर छोटा तुकडा काढून तपासायचा. पण न बघता मी काही सांगणार नाही." त्या 'न बघता'वर सोमेश्वर कालपासून अडकलाय. आबांना बघू द्यायला आणायचं कसं? डॉक्टर म्हटलं की ते म्हणणार, हूं.

घाटनांदूरकडं जाणाऱ्या गाडीची त्यानं घोषणा केली, फलाट क्रमांक तीन, आणि माईक बंद केला. तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता. रिकाम्या तळव्यावर! सोमेश्वरनं जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. तरी अंगठा आपला घसघस चाललेला. तो दचकला. मग त्यानं तो थांबवला नाही, मुद्दाम फिरू दिला, आणि काय आश्चर्य, त्याचे खांदे खाली आले. पाठ खुर्चीला टेकली. आणि त्याला ऊस दिसला.

तो नऊ वर्षांचा होता. त्या साली गावात पोरांना सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून आबा-आईबरोबर तोही ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. पहाटेच्या थंडीत फड सुरू व्हायचा. आबा कोयत्यानं ऊस बुडातून तोडायचे, शेंड्याचं वाढं छाटायचे, आई मागून मोळ्या बांधायची. पाचटानं हात कापायचे. बांधावर मुकादम अर्जुनराव उभा. त्याच्या डोळ्याला एकच गोष्ट दिसायची, बसलेला माणूस. पाणीसुद्धा माणसं उभ्यानं प्यायची. कुणी टेकलं की हाक यायची, "ए, बसलास कावून बे?" पण आबा बसायचे. दिवसातून सात-आठ वेळा बसायचे, उकिडवे, चंची काढून. "ए धुळाजी, बसलास कावून?" "तंबाखू मळतूय मुकादम." "बरं बरं, मळ. मला बी ठेव चिमूटभर." संपलं! तंबाखू मळणाऱ्या माणसाला कुणी उठवत नसे. तो कायदाच होता फडातला. आबा मळायचेही सावकाश, अंगठा उगाच फिरवत राहायचे, मळून झालेली पुन्हा मळायचे. पोरानं एकदा विचारलं, "आबा, तुमी तंबाखू कावून खाता?" आबा म्हणाले, "बसाया मिळतं म्हनून." पोरगं हसलं. त्याला वाटलं, गंमत करायलेत.

ती गंमत नव्हती. मुकादमाच्या राज्यात माणसाला बसायचं असेल तर तोंडात विष धरावं लागत होतं, एवढं सरळ ते होतं. आणि मग त्याला दुसरंही आठवलं, आणि ते जास्त लागलं. आई तंबाखू खात नव्हती. म्हणून आई बसतच नव्हती. आबा मळत असायचे तेव्हाही ती मोळ्या बांधत असायची. आता आबांनी फड सोडून पाच वर्षं झाली. दोन शेळ्या, तुकडाभर रान, कुणी मुकादम नाही. तरी ते बसायचं म्हटलं की चंची काढतात. चंचीशिवाय टेकलेले आबा त्यानं कधी बघितलेच नाहीत. आणि आई अजून उभीच असते.

मग त्यानं तिसरं पत्र लिहिलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत, कारण आबा चौथी शिकलेले, अक्षराखाली बोट धरून वाचतात. आणि पुस्तकातलं बोलणं सोडून घरातलं बोलणं लिहिलं.

"आबा, पाया पडतो.

पत्र बघून घाबरू नका. सगळे खुशाल हावोत. फोनवर तुमच्या तोंडात तंबाखू असती, म्हणून कागदावर बोलतो. कागदाला हूं म्हणता येत न्हाई.

रविवारी तुमी ठेचा खाल्ला न्हाई. मी बघितलं. चिमूट डावीकडची उजवीकडं गेली, ते बी बघितलं. डावीकडं झोंबतंय म्हनून बाजू बदलली, हे मला कळतं. आबा, बाजू बदलून भागायचं न्हाई. ज्यानं डावी जाळली तेच उजवीकडं बसलंय.

मी डॉक्टरीण बाईला इचारलं. त्या म्हनल्या, चुना नुसता चवीला नसतो. चुन्यामुळं तंबाखूतली नशा तोंडाच्या कातडीतून झटक्यात रक्तात जाती, आन् चुना कातडी बी भाजतो. रोज त्याच जागी, चाळीस वर्षं. ती जागा पांढरी पडली. लवकर दाखवलं तर इलाज सोपा. म्हनून पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं या. मी रजा टाकतो. नुसतं तोंड उघडायचं, बाई आरशानं बघतील. मी शेजारी उभा राहीन.

आता खरं बोलतो. मागं मी तुमची चंची चुलीत घातली. माझं चुकलं. तुमी दोन दिवस तडफडलात आन् मी तुमाला रागीट समजलो. नशा उतरताना तसंच होतं. पहिले तीन दिवस लई वंगाळ. डोकं दुखंल, चीड येईल, झोप उडंल, पोट जड राहील. म्हनून उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पानी प्या, वाईच फिरा. दोन दिवस न्हाई झालं तर घाबरू नका, पोट आपलं आपण शिकतं. तलफ आली की वाटंल आता जीव जातो. पर ती पाच-धा मिनिटांत वसरती. तेवढा वेळ काढायचा. तोंडात लवंग धरा. बाई म्हनल्या, लागलं तर औषधाच्या गोळ्या हायेत, बघून देते. चुन्याची डबी पयली फेका. आन् एकदा चुकून खाल्ली तर सगळं गेलं म्हनू नका, दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.

संगट ओवा आन् बडीशेप पाठवतो. वर्षानं भाजलीय. ती तळव्यावर घ्या, अंगठ्यानं मळा, दोन थापा मारा, तोंडात टाका. हाताला काम पायजे, ते मला ठाव हाय. आज माझा बी अंगठा फिरत होता.

आबा, मला फड आठवला. तुमी म्हनला होता, बसाया मिळतं म्हनून खातो. मी हसलो होतो. आज हसू आलं न्हाई. तर माझं सांगणं एवढंच हाय. तंबाखू सोडा, पर बसणं सोडू नका. आता बसायला कुणाला कारण सांगायची गरज न्हाई. अर्जुनराव न्हाई, बांध न्हाई. तुमी लई काम केलंय. नुस्तं बसा.

तुमचा, सोमा."

पत्राची घडी घालून त्यानं ओव्याच्या पुडीबरोबर पिशवीत ठेवली आणि संध्याकाळी मकसूदच्या हाती दिली. मकसूद मुक्कामी गाडीचा कंडक्टर. गाडी रात्री गावातच थांबते, पहाटे परत निघते. मंदिराच्या ओट्यावर मकसूद आणि आबा रोज बसतात आणि एकाच चंचीतली तंबाखू खातात, हे सोमेश्वरला ठाऊक होतं. म्हणजे लांडग्याच्या हातीच कोकरू दिलं की! पण गावात दुसरं कोण जाणार? मकसूदनं पिशवी हुंगली. "ओवा? पोट बिघडलं का चाचांचं?" "हां, तसंच समजा," सोमेश्वर म्हणाला. रात्रभर त्याला वाटत राहिलं, आपण आगाऊपणा केला. बापाला शिकवतो का आपण? आणि वाचून ते नुसतं हूं म्हणाले तर?

बुधवारी सकाळी मकसूद आला तो फणकाऱ्यानंच. "क्या साहेब, काय लिहून पाठवलं? चाचांनी पत्र वाचलं, परत वाचलं, घडी केली, खिशात घातली. मी हात पुढं केला तंबाखूला, तर गुमान घरी गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा हात रिकामा आला माझा!" सोमेश्वरनं त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. गुरुवारची खबर वाईट होती. चाचा ओट्यावर आले नाहीत, शेळीवर ओरडताना आवाज ऐकू आला. शुक्रवारी त्याहून वाईट. "साहेब, झूट नहीं बोलता. काल त्यांनी माझ्याकडं मागितली. मी दिली. तोंडात टाकली, आणि लगेच थुंकली, चूळ भरली. म्हणाले, सोम्याला सांगू नको." सोमेश्वरला हसावं की रडावं कळेना. माणूस घसरला होता, पण उठलाही होता. 'दुसऱ्या दिवशी परत सुरू करा', हे वाक्य आपण लिहिलं, हे किती बरं केलं, असं त्याला वाटलं. शनिवारी मकसूद घाईतच होता. जाता जाता मात्र त्यानं तळहात उघडून दाखवला. त्यात ओवा आणि बडीशेप होती. "बेचव आहे," तो तोंड वाकडं करून म्हणाला, आणि दोन थापा मारून तोंडात टाकली.

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. आईच्या नंबरावरून. सोमेश्वर नुकताच ड्यूटी संपवून घरी आला होता, पायात अजून बूट. त्यानं म्हटलं, "माय, बोल." पलीकडून आवाज आला, मोकळा, जरा घोगरा, कुठंही न अडकणारा.

"माय न्हाई, मी हाय."

सोमेश्वर दाराच्या चौकटीला टेकला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण फार लांबचा. कारखान्यावर थंडीत त्याला पांघरुणात ओढून घेताना, तोंडातली चिमूट थुंकून, गोष्ट सांगणारा. त्यानं विचारलं, "आबा, कसं हाय?"

"कसलं कसं. पयले तीन दिस तुला लई शिव्या दिल्या. तुझ्या डॉक्टरणीला बी. पोट तर चार दिस संपावर गेलतं, आता कामावर आलंय." आबा हसले. "एक डाव चुकलो रे. तुला कळलं आसंल. त्या मकसूदच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"कळलं. काय होत न्हाई त्यानं."

"उद्या येतो. सकाळच्या गाडीनं. भ्या वाटतंय, खोटं कावून बोलू? ती बाई काय सांगंल, काय न्हाई. पर येतो."

"मी फलाटावर उभा ऱ्हातो आबा."

"हां. आन् त्ये तुझं बसायचं." आवाज जरा खाली आला. "लई अवघड हाय बघ. आज दुपारी लिंबाखाली बसलो. हातात काय न्हाई, तोंडात काय न्हाई. नुस्ता बसलो. सारखं वाटायलंय, आता कुनी हाक मारंल. कुनी मारली न्हाई. मग तुझी माय आली पान्याची घागर घेऊन. म्हनली, काय करायलाव? म्हनलं, काय न्हाई. बस." 

सोमेश्वरनं फोन कानाशी आणखी दाबला.

"तर तिनं घागर खाली ठिवली," आबा म्हणाले, "आन् ती बी बसली."